क्लिकच्या आधीच्या सात ओळी

सकाळचे 9 वाजून 35 मिनिटं. बाजार उघडून जेमतेम वीस मिनिटं झालीत आणि पडद्यावर एक शेअर हिरव्या कँडल एकावर एक रचत निघाला आहे. पाच मिनिटांपूर्वी 406 होता, आता 412. समोर बसलेल्या नवशिक्याचा हात माउसवर आहे आणि डोक्यात एकच वाक्य घुमतंय, ‘गेला, हातचा गेला.’ खरेदीच्या बटणापर्यंत अंतर दोन इंचांचं. मॉनिटरच्या कडेला मात्र सेलोटेपनं चिकटवलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे. पोस्टकार्डाएवढं, स्केचपेननं लिहिलेलं. त्यावर सात ओळी: आज काय आहे? का घेतोय? चुकलो तर कुठे कळेल? पुढे जागा किती? नग किती? आज कितवा? ऑर्डर पुन्हा वाच.

यात शेअर बाजाराचं कुठलंही गुपित नाही. महिनाभर बाजार पाहिलेल्या माणसाला हे सगळं माहीत असतं. पण भाव पळायला लागला की माहीत असलेलं आठवत नाही, आणि कार्डाचा जन्म नेमका त्यासाठी आहे.

नवशिक्यांचं काय होतं, हे सेबीनं आकड्यांत मांडलेलं आहे. जुलै 2024 मध्ये आलेल्या तिच्या अभ्यासानुसार 2022-23 या वर्षात शेअरांची इंट्राडे उलाढाल करणाऱ्या दहांपैकी सात जणांना तोटा झाला. वर्षात पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होतं. म्हणजे जास्त सौदे करून हात बसतो, ही समजूत निदान या आकड्यांत दिसत नाही. आणखी एक आकडा बोचरा आहे. तोट्यात गेलेल्यांनी त्या तोट्यावर आणखी 57 टक्क्यांएवढी रक्कम दलाली, कर आणि शुल्कांत घालवली होती. शंभर रुपये बाजारानं नेले, तर वर सत्तावन्न सौदे करण्याच्या खर्चात गेले.

तपासयादीची कल्पना बाजारातली नाही. 1935 मध्ये अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर विमान, मॉडेल 299, चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना शेपटीचे भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप उड्डाणाआधी काढायचं राहिलं होतं. वैमानिक अनुभवी होता. त्यानंतर वैमानिकांसाठी छोट्या यादीची पद्धत रुजली. मूळ उमरखेड भागातल्या कुटुंबातले शल्यविशारद अतुल गावंडे यांनी हीच कल्पना शस्त्रक्रियागृहात नेली आणि 2009 मध्ये त्यावर ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे पुस्तक लिहिलं. त्यात मुंबईत जन्मलेले गुंतवणूकदार मोहनीश पब्राय यांचीही गोष्ट आहे. त्यांनी स्वतःच्या आणि नामवंत गुंतवणूकदारांच्या चुका गोळा करून त्यांची यादी बनवली. पब्राय यांची यादी लांब आहे, कारण त्यांना निर्णयाला आठवडे मिळतात. इंट्राडेवाल्याला दोन मिनिटं मिळतात, म्हणून त्याचं कार्ड सात ओळींच्या पुढे गेलं की ते वाचलंच जात नाही.

आता त्या 412 रुपयांच्या शेअरकडे वळू. समजा, नवशिक्याचं भांडवल 50,000 रुपये आहे आणि एका सौद्यात त्यातला जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे 500 रुपये गमवायचे, असं त्यानं बाजार बंद असताना ठरवलं आहे. हे ‘बाजार बंद असताना’ महत्त्वाचं. चालू बाजारात ठरवलेली मर्यादा पाच मिनिटांत वाढते.

एकच टक्का का? लागोपाठ दहा सौदे चुकले, आणि ते चुकतातच, तर एक टक्क्याच्या हिशेबानं पन्नास हजारांतले सुमारे 45,200 उरतात. दर वेळी दहा टक्के गमावले, तर उरतात सुमारे 17,400. पहिल्यातून वर यायला अकरा टक्क्यांच्या आसपास कमवावं लागतं, दुसऱ्यातून वर यायला भांडवल जवळजवळ तिप्पट करावं लागतं.

कार्डाची तिसरी ओळ विचारते, ‘चुकलो तर कुठे कळेल?’ सकाळपासून हा शेअर दोनदा 404 पर्यंत खाली आला आणि दोन्ही वेळा तिथूनच उसळला. खरेदीचं कारणच हे, की 404 ला कुणीतरी माल उचलतंय. मग तो भाव तुटला, की कारण संपलं. म्हणून स्टॉपलॉस त्याच्या किंचित खाली, 403.50 ला. 412 पासूनचं अंतर साडेआठ रुपये. इथे अनेक जण उलटा प्रवास करतात. साडेआठ फार वाटतात, म्हणून स्टॉप ‘सोयीचा’ 409 ला ठेवतात. पण 409 ला काही घडलं, तर त्याचा अर्थ काहीच नसतो. बाजाराच्या नेहमीच्या हेलकाव्यात तो स्टॉप उडतो, आणि पुढे शेअर वर जाताना पाहणं नशिबी येतं.

मग येतो खर्च. बऱ्याच डिस्काउंट ब्रोकरांकडे इंट्राडेची दलाली 0.03 टक्के किंवा 20 रुपये, यात जे कमी असेल ते, खरेदीला एकदा आणि विक्रीला एकदा. विक्रीवर 0.025 टक्के एसटीटी, खरेदीवर 0.003 टक्के मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचं शुल्क, आणि दलालीवर व एक्स्चेंजच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. या भावाच्या शेअरवर, पंचवीस-तीस हजारांच्या सौद्यात, हे सगळं मिळून शेअरमागे 45 पैशांच्या घरात जातं. रक्कम चिल्लर वाटते. पण चुकल्यावर जाणारे साडेआठ आता नऊ रुपये होतात.

आता चौथी ओळ, ‘पुढे जागा किती?’ कालचा उच्चांक 421.50 आहे. काल तिथूनच विक्री आली होती, आजही तिथे विकणारे थांबलेले असण्याची शक्यता आहे. 412 पासून तिथपर्यंत साडेनऊ रुपये, खर्च वजा करता नऊ. म्हणजे नऊ मिळवण्यासाठी नऊ पणाला. अशा सौद्यांत निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरलं, तरच हाती काही पडतं. नवशिक्याच्या कार्डावर लिहिलंय, ‘निदान दीडपट.’ ही अट इथे बसत नाही.

कार्ड ‘नाही’ म्हणतंय.

पण भाव तोच राहत नाही. शेअर पुन्हा खाली, समजा 407.50 ला आला, तर चित्र पालटतं. स्टॉप तोच, 403.50. अंतर चार रुपये, खर्च धरून 4.45. वरची जागा चौदा रुपये, खर्च वजा जाता साडेतेरा. आता तीनपट. सौदा घ्यायचाच, तर 412 ला धावत नाही, 407.50 ची लिमिट ऑर्डर लावून बसायचं.

आणि इथे कार्डाची सगळ्यात महत्त्वाची ओळ येते, ‘नग किती?’ नवशिका साधारण असा विचार करतो: खात्यात पैसे किती, त्यात किती शेअर येतील. इंट्राडेत ब्रोकर जास्तीत जास्त पाचपट व्यवहार करू देतो. पन्नास हजारांवर अडीच लाखांचा. स्क्रीनवर ‘उपलब्ध’ म्हणून तो आकडा दिसतो आणि त्यात 412 च्या भावानं 606 शेअर बसतात. मात्र 403.50 चा स्टॉप लागला, तर खर्चासह सुमारे 5,300 रुपये गेले. एकाच सौद्यात भांडवलाच्या दहा टक्क्यांहून जास्त! स्टॉप बरोबर जागी होता, कारण बरोबर होतं, ऑर्डर बरोबर होती. फक्त नग चुकला होता.

कार्ड हा हिशेब उलटा करायला लावतं. गमवायची तयारी 500 ची, एका शेअरमागे जाणार 4.45. भागाकार 112. एवढेच शेअर. त्यांची किंमत 45,640 रुपये, म्हणजे पाचपट राहू द्या, स्वतःच्या पैशांतच सौदा बसला. 412 ला घेतला असता, तर 500 भागिले नऊ, 55 शेअर. स्टॉप लांब तर नग कमी, स्टॉप जवळ तर नग जास्त. पणाला लागलेली रक्कम दोन्हीकडे पाचशेच. हा भागाकार मनातल्या मनात करता येतो, पण भाव पळत असताना मन सोयीचं उत्तर देतं. म्हणून तो कार्डावर, व्हाइटबोर्डच्या पेननं लिहून करायचा. त्यासाठी कार्ड लॅमिनेट करून घेणारे चतुर लोकही असतात. वीसेक रुपयांत काम होतं.

शेवटची ओळ, ‘ऑर्डर पुन्हा वाच’, बाळबोध वाटते. 5 ऑक्टोबर 2012 च्या सकाळी मुंबईत काय झालं, ते आठवलं तर वाटत नाही. एका दलाली पेढीच्या टेबलावरून एकाच ग्राहकासाठी 59 चुकीच्या ऑर्डरी सुटल्या, साडेसहाशे कोटींहून अधिक रकमेच्या. निफ्टी काही क्षणांत पंधरा टक्क्यांच्या आसपास कोसळला आणि राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार थोडा वेळ थांबले. रोज ऑर्डरी टाकणाऱ्या व्यावसायिकांच्या टेबलावर हे घडतं, तर घरच्या टेबलावर 112 च्या जागी 1112 पडायला कितीसा वेळ?

वाचायचं काय, तेही ठरलेलं असावं. खरेदी की विक्री, नग, भाव, आणि ते छोटं बटण: `MIS` की `CNC`. अनेक ब्रोकरांच्या पडद्यावर `MIS` म्हणजे इंट्राडे आणि `CNC` म्हणजे डिलिव्हरी. चार दिवस ठेवायच्या विचारानं घेतलेला शेअर चुकून `MIS` मध्ये गेला, तर दुपारी सव्वातीनच्या पुढे ब्रोकरची यंत्रणा तो स्वतःहून कापून टाकते, आणि बरेच ब्रोकर त्याचं वेगळं शुल्क लावतात.

स्टॉपची ऑर्डर तर दोनदा वाचावी. `SL` निवडलं की दोन भाव भरावे लागतात. ट्रिगर 403.50, म्हणजे तिथे ऑर्डर जागी होते. लिमिट, समजा 403, म्हणजे त्याखाली विकायचं नाही. शेअर 403.60 वरून एका दमात 402.80 ला उतरला, तर ऑर्डर जागी झाली, पण विकली गेलीच नाही, असं होतं. ऑर्डरबुकात ती ‘ओपन’ दिसत राहते आणि तोटा वाढत जातो. नवशिक्याला वाटतं, स्टॉप लागलाय. याचं लक्षण एकच: ऑर्डरबुक उघडून ती ऑर्डर पूर्ण झाली की नाही, ते पाहायचं. ट्रिगर आणि लिमिट यांत थोडं अंतर ठेवलं, तर हा धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही.

स्टॉपची आणखी एक मर्यादा पहिल्या ओळीशी, ‘आज काय आहे?’शी जोडलेली आहे. शुक्रवार, 4 एप्रिल 2025 ला निफ्टी 22,904 ला बंद झाला. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धसक्यानं जगभरचे बाजार आपटले आणि सोमवारी, 7 एप्रिलला, निफ्टी थेट 21,758 च्या आसपास उघडला. पाच टक्के खाली. मधल्या भावांवर सौदा झालाच नाही. शुक्रवारी माल घेऊन दोन टक्के खाली स्टॉप मनाशी धरलेल्या माणसाला तो स्टॉप वापरायची संधीच मिळाली नाही. त्याच्या पाचशेच्या हिशेबाचे साडेबाराशे झाले असते. त्यामुळे ‘आज काय आहे?’ हा प्रश्न रात्रभर माल ठेवणाऱ्यानं ‘उद्या काय आहे?’ असाही वाचावा. कंपनीचा तिमाही निकाल, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प यांच्या तारखा आधी माहीत असतात. 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस, ही तारीखही सगळ्या देशाला ठाऊक होती. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरात निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर गेला आणि निकालाच्या दिवशी जवळजवळ सहा टक्के खाली बंद झाला. अशा दिवशी काय होईल, हे कार्ड सांगू शकत नाही. पण नवशिक्यानं ‘घटना आहे’ असं लिहिल्यावर त्या दिवशी सौदा नाही किंवा नग अर्धे, एवढं आधी ठरवता येतं. आयातशुल्कासारखा धक्का कुठल्याच कॅलेंडरमध्ये नसतो, तिथे मात्र नग लहान असणं हाच काय तो आधार.

‘आज कितवा?’ या ओळीवर लोक सगळ्यात जास्त खोटं बोलतात. दोन सौदे चुकले की तिसरा वसुलीसाठी घेतला जातो. त्या वेळी ‘का घेतोय?’ पुढचं उत्तरही बदलतं. ‘404 ला दोनदा आधार मिळाला’ हे कारण असतं. ‘आता वर जायलाच हवा’ हे कारण नसतं, ती नाराजी असते. ‘मित्राच्या ग्रुपवर आलंय’ हेही तसंच. कारण एका ओळीत मावत नसेल किंवा त्यात भावाचा एकही आकडा नसेल, तर पेन खाली ठेवावा. दिवसाला तीन सौदे किंवा दोन तोटे, जे आधी येईल तिथे थांबायचं, अशी मर्यादा बरेच जण घालतात. आकडा कुठला, याला फारसं महत्त्व नाही, तो कार्डावर आधी लिहिलेला हवा. तोट्यातल्या मालावर आणखी माल घेऊन ‘ॲव्हरेज’ करणं हाही नवा सौदाच. त्यासाठी पुन्हा सातही ओळी.

कार्ड निकामी कसं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या आठवड्यात माणूस मनापासून भरतो. तिसऱ्या आठवड्यात नुसत्या टिका पडतात, टिक, टिक, टिक, आणि क्लिक. ‘स्टॉप ठरवला का?’ असा प्रश्न असेल, तर ‘हो’ म्हणायला अर्धा सेकंद पुरतो, स्टॉप ठरवलेला असो वा नसो. म्हणून ओळ अशी हवी, की तिचं उत्तर आकड्यातच देता येईल: ‘स्टॉप ____’. आकडा लिहिताना चार्टकडे पाहावंच लागतं. दुसरा रोग फुगण्याचा. दर तोट्यानंतर एक ओळ वाढते, मग आरएसआय येतो, मूव्हिंग ॲव्हरेज येते, दोन महिन्यांत कार्डाचं पत्रक होतं आणि ते कुणी वाचत नाही. नवी ओळ घ्यायची, तर जुनी एक काढायची, हा नियम बरा.

आणि एक गोष्ट कार्डाच्या आवाक्याबाहेरच राहते. ‘का घेतोय?’ समोर लिहिलेलं कारण मुळात चालतं का, हे त्याला कळत नाही. आधारावर घेणं ही पद्धतच एखाद्याला पैसे देत नसेल, तर कार्ड पाळूनही तो हरणार, फक्त हळू हरणार. हे कळायला वही लागते. प्रत्येक सौद्याची एक ओळ: तारीख, कारण, स्टॉप, नग, निकाल, आणि शेवटी ‘कार्ड पूर्ण भरलं का’. चाळीस-पन्नास ओळी झाल्या की भरलेल्या कार्डांचे सौदे एकीकडे आणि न भरता घेतलेले दुसरीकडे मांडायचे. भरलेल्यांचा हिशेब तोट्याचा निघाला, तर पद्धत बदलायला हवी. न भरलेल्यांचाच तोटा मोठा निघाला, तर रोग हाताचा आहे.

राहता राहिला तो 412 चा शेअर. समजा, नवशिक्यानं 407.50 ला 112 ची लिमिट ऑर्डर लावली आणि थांबला. भाव 409 पर्यंत आला, तिथून फिरला आणि साडेअकराला 420 ला गेला. ऑर्डर भरलीच नाही. 412 ला घेतलेल्याला पैसे मिळाले असते, आणि पुढचे दहा मिनिटं ही गोष्ट छळणारच. वहीत त्या दिवसाची नोंद मग अशी पडते: ‘407.50, नग 112, भरली नाही. सौदे आज: शून्य.’ खाली बारीक अक्षरात, ‘412 ला घ्यायचा मोह. जागा एकास एक होती.’ मग ऑर्डर रद्द करून, फडक्यानं कार्ड पुसून, तो दुसरा चार्ट उघडतो.